बोली आणि वाचन : दोन उत्तरांतील संबंध तपासणारी काय-वर्ग चाचणी

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. सातपुड्याच्या कुशीत पावरी, मावची, देहवाली या भिल्ली बोली आणि तापीखोऱ्यात अहिराणी व गुजरी असे येथील भाषिक चित्र आहे. साहजिकच येथील मराठीच्या अभ्यासकाला प्रश्न पडतो : घरच्या बोलीचा आणि मराठी अवांतर वाचनाचा काही संबंध आहे काय? प्रश्नावली भरून घेतली, टक्केवारी काढली आणि निष्कर्ष लिहिला, अशी आपल्या प्रबंधांतील प्रचलित रीत आहे. परंतु टक्केवारीत दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा नाही हे कशावरून? कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेली काय-वर्ग चाचणी याच शंकेचा विचार करते.

विवेचनासाठी पुढील आकडे कल्पिलेले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष पाहणीचे नव्हेत. शंभर विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले : घरी कोणती बोली बोलता? गेल्या महिन्यात अभ्यासक्रमाबाहेरचे एखादे मराठी पुस्तक वाचले काय?

| घरची बोली | वाचले | वाचले नाही | एकूण |
|---|---|---|---|
| भिल्ली बोली | २४ | ३६ | ६० |
| इतर | २६ | १४ | ४० |
| एकूण | ५० | ५० | १०० |

पहिल्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्यात ६५ टक्के वाचक आहेत. आता 'या दोन उत्तरांत काहीही संबंध नाही' असे क्षणभर गृहीत धरावे. यालाच शून्य परिकल्पना म्हणतात. ती खरी असेल, तर एकूण विद्यार्थ्यांत निम्मे वाचक असल्याने प्रत्येक गटातही निम्मेच वाचक अपेक्षित आहेत. म्हणजे पहिल्या ओळीत ३० व ३०, दुसऱ्या ओळीत २० व २०. सर्वसाधारण नियम असा : ओळीची बेरीज आणि स्तंभाची बेरीज यांच्या गुणाकारास एकूण संख्येने भागावे. उदाहरणार्थ, ६० × ५० ÷ १०० = ३०.

पुढची पायरी म्हणजे प्रत्येक घरातील निरीक्षित व अपेक्षित संख्यांमधील अंतर काढणे. येथे ते चारही घरांत ६ आहे. या अंतराचा वर्ग करून त्याला त्या घराच्या अपेक्षित संख्येने भागावे. पहिल्या ओळीत ३६ ÷ ३० = १.२ असे दोनदा, दुसऱ्या ओळीत ३६ ÷ २० = १.८ असे दोनदा येते. चारांची बेरीज :

χ² = १.२ + १.२ + १.८ + १.८ = ६.०

हे मूल्य मोठे की लहान, हे स्वातंत्र्य मात्रेवरून ठरते. ओळी उणे एक गुणिले स्तंभ उणे एक, म्हणजे येथे १. बेरजा ठरलेल्या असता एक घर भरले की उरलेली तिन्ही आपोआप भरतात, हा त्याचा अर्थ. १ मात्रेसाठी पाच टक्के पातळीवरील कोष्टकातील सीमा ३.८४ आहे. आपले मूल्य तिच्या पलीकडे जाते, म्हणून शून्य परिकल्पना नाकारावी लागते. संबंध नसताना एवढा वा याहून मोठा फरक शंभरातून साधारण एक-दोन वेळाच पडेल.

येथे एक चूक वारंवार होते. घरांत संख्येऐवजी टक्केवारी, म्हणजे ४०, ६०, ६५, ३५ भरली, तर तीच चाचणी सुमारे १२.५ उत्तर देते. शंभर माणसांची जणू दोनशे झाली! चाचणीला नेहमी प्रत्यक्ष माणसांची संख्याच द्यावी, आणि एक माणूस एकाच घरात मोजलेला असावा.

मात्र खरा धोका गणितात नसून अर्थ लावण्यात आहे. 'आदिवासी बोलीमुळे मराठी वाचन घटते' असे वाक्य येथे लिहावेसे वाटते. तत्पूर्वी याच शंभर जणांना तिसरा प्रश्न विचारू : गावात वा जवळ वाचनालय आहे काय? समजा, वाचनालय असलेल्यांत भिल्ली गटातील १५ पैकी १२ आणि इतर गटातील ३० पैकी २४ जण वाचतात. दोन्हीकडे ८० टक्के! वाचनालय नसलेल्यांत अनुक्रमे ४५ पैकी १२ आणि १० पैकी २, म्हणजे सुमारे २७ आणि २० टक्के. बेरजा मूळ कोष्टकाशी तंतोतंत जुळतात, पण बोलीमुळे पडलेला वाटणारा फरक नाहीसा होतो. भिल्ली गटातील साठांपैकी केवळ पंधरांजवळ वाचनालय होते, एवढेच त्यामागचे कारण.

या उपकोष्टकांवर मात्र काय-वर्ग लावू नये. त्यांतील काही घरांची अपेक्षित संख्या पाचाहून कमी, सुमारे अडीच-तीनच भरते. तेथे ही चाचणी विश्वसनीय राहत नाही. अशा वेळी फिशर यांची अचूक चाचणी वापरावी, अथवा अधिक विद्यार्थ्यांना विचारावे.

सारांश, ६.० हे उत्तर दोन उत्तरे एकमेकांशी निगडित आहेत एवढेच सांगते. ती का निगडित आहेत, हे सांगत नाही. वाचनालयाच्या अभावाचा दोष एखाद्या बोलीच्या माथी मारायचा नसेल, तर प्रश्नावली तयार करतानाच तिसरा प्रश्न तिच्यात असावा लागतो. पाहणी संपल्यावर तो कोणत्याही कोष्टकातून काढता येत नाही.