रायफलीचा नेम का ढळतो?

नळीचे तापणे तात्पुरते, घशाची झीज मात्र कायमची

जर्मन सैन्याची 'जी-३६' ही रायफल २०१५ साली जाहीर वादाचा विषय झाली. तपमान ३० अंशांनी वाढले की या रायफलीच्या लक्ष्यवेधाचे प्रमाण अपेक्षित ९० टक्क्यांवरून ३० टक्क्यांपर्यंत घसरते, असे तज्ज्ञांच्या अहवालात नमूद होते. जी-३६ला सध्याच्या स्वरूपात सैन्यात भवितव्य नाही, असे तत्कालीन संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेअर लायन यांनी त्या वेळी जाहीर केले. प्रकरण न्यायालयात गेले. रायफली करारातील अटींनुसारच असल्याने सरकारला उत्पादक कंपनीकडे भरपाई मागता येणार नाही, असा निकाल कोब्लेन्झच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१६मध्ये दिला.

करारात काय लिहिले होते, हा न्यायालयापुढील प्रश्न होता. शस्त्रागार सांभाळणाऱ्यापुढील प्रश्न निराळा असतो. नेम ढळलेली रायफल हाती आली, तर ती केवळ तापली आहे की झिजली आहे, हे त्याला ठरवावे लागते. पहिल्या दोषाला थोडी विश्रांती पुरते; दुसऱ्यावर बहुधा नवी नळी हाच उपाय असतो. दोहोंची गल्लत झाली, तर चांगली नळी भंगारात जाते किंवा निकामी नळी सैनिकाच्या हाती राहते.

तापलेली नळी

पोलाद तापले की प्रसरण पावते. ते सर्व बाजूंनी सारखे पावले, तर नेमावर फारसा परिणाम होणार नाही. पण नळी घडवताना धातूत काही ताण उरलेले असतात, तिची जाडी सर्वत्र तंतोतंत सारखी नसते आणि तिला धरणारे भाग एकाच बाजूने उष्णता शोषतात. परिणामी तापलेली नळी किंचित वाकते. नळीचे तोंड अंशाच्या शंभराव्या भागाइतके जरी कलले, तरी ३०० मीटरवर गोळी सुमारे ५ सेंटिमीटर सरकते. जी-३६मध्ये नळीचा आधार तंतुमिश्रित प्लॅस्टिकच्या सांगाड्यात बसवलेला आहे. उष्णतेने हा सांगाडा मऊ पडतो का, हाच त्या वादाचा गाभा होता.

हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. गोळ्यांचा समूह एका दिशेने सरकत जातो आणि नळी थंड झाल्यावर पुन्हा मूळ जागी येतो. म्हणूनच सलग गोळीबाराच्या वेगाला मर्यादा घातलेली असते. अमेरिकी सैन्याच्या एम-४ कार्बाइनची यंत्रणा मिनिटाला ७०० ते ९५० गोळ्यांच्या वेगाने चालू शकते. दीर्घकाळ झाडण्यासाठी मात्र मिनिटाला १२ ते १५ गोळ्या हाच वेग दिलेला आहे.

घसा कसा झिजतो?

नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याचा कक्ष असतो. कक्ष संपतो आणि गोळीला फिरकी देणारे सर्पिल आटे सुरू होतात, त्या दोहोंमधला आखूड भाग म्हणजे नळीचा घसा. काडतुसातील दारू पेटते तेव्हा सर्वाधिक दाब आणि सर्वाधिक उष्णता येथेच असते. वायूचे तपमान पोलादाच्या वितळणबिंदूहूनही अधिक असते. नळी वितळत नाही, कारण हा सारा प्रकार एखाद्या मिलिसेकंदात आटोपतो. पृष्ठभागाचा केसाहूनही पातळ थर तेवढा कमालीचा तापतो आणि आतल्या थंड धातूमुळे लगेच निवतो.

हे हजारो वेळा घडले की तो थर कठीण, पण ठिसूळ बनतो. दारूच्या वायूतील कार्बन आणि नायट्रोजन त्यात शिरून ठिसूळपणा वाढवतात. मग उन्हाने भेगाळलेल्या शेतासारखे तडे पडतात. पुढच्या प्रत्येक बारात वेगवान वायू या तड्यांत घुसतो आणि कडांचे कण उखडून नेतो. गोळीच्या घर्षणापेक्षा ही उष्णतेची करणीच झिजेला अधिक कारणीभूत असते. अनेक लष्करी नळ्यांना आतून क्रोमचा मुलामा देतात तो यासाठीच. पण मुलाम्यालाही कालांतराने तडे जातात.

घसा झिजला की आटे पुढे सरकतात. काडतुसातून सुटलेल्या गोळीला आट्यांत शिरण्यापूर्वी अधिक अंतर निराधार कापावे लागते. त्यात ती किंचित तिरकी होते आणि तशीच आट्यांत शिरते. काही वायू तिच्या बाजूने निसटतो, त्यामुळे वेग घटतो आणि तो दर बाराला सारखाही राहत नाही. येथे समूह एका दिशेने सरकत नाही, तर चहूकडे पसरतो. आणि नळी थंड झाली तरी तो आवळत नाही.

आकड्याची मर्यादा

नळीने किती गोळ्या झाडल्या याची नोंद ठेवतात, पण हा आकडा एकटा पुरेसा नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात पॉइंट टू टू काडतूस वापरतात. त्यात दारू जेमतेम दहाव्या हिश्शाच्या ग्रॅमइतकी आणि गोळी शिशाची. त्यामुळे अशी नळी हजारो गोळ्या सहज पचवते. पॉइंट थ्री झीरो एटच्या काडतुसात जवळजवळ ३ ग्रॅम दारू जळते. त्याहून अरुंद नळीतून तितकीच किंवा अधिक दारू जाळणाऱ्या काही स्पर्धात्मक काडतुसांत अचूकतेचे आयुष्य हजार-दीड हजार गोळ्यांतच संपते.

काडतूस एकच असले तरी फरक पडतोच. एक रायफल ३,००० गोळ्या सावकाश, थांबून झाडते; दुसरी तेवढ्याच गोळ्या भराभर झाडते. दुसरीत प्रत्येक बार आधीच तापलेल्या पोलादावर होतो. त्यामुळे पृष्ठभागाचे तपमान अधिक वर चढते आणि झीज झपाट्याने वाढते. नोंदवहीत दोहोंपुढे आकडा सारखाच असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, पॉइंट थ्री झीरो एटची नवी रायफल १०० मीटरवर दहा गोळ्या ३ सेंटिमीटरच्या वर्तुळात टाकते. म्हणजे ३०० मीटरवर सुमारे ९ सेंटिमीटर. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील ३०० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १० सेंटिमीटर असतो. म्हणजे रायफल नेमबाजाच्या कौशल्याआड येत नाही. काही हजार गोळ्यांनंतर १०० मीटरवरील समूह ५ सेंटिमीटरचा झाला, तर ३०० मीटरवर तो १५ होतो. नेमबाज कितीही निष्णात असला, तरी काही गोळ्या आता वर्तुळाबाहेर जाणारच. त्यातच गोळीचा वेग दोन टक्क्यांनी घटला, तर समूह सुमारे ३ सेंटिमीटर खाली उतरतो.

तरीही लगेच नळीला दोष देणे योग्य नाही. सैल स्क्रू, हललेली दुर्बीण किंवा आत साचलेला तांब्याचा थर यांनीही समूह फुटतो. म्हणून आधी स्क्रू आवळून आणि नळी स्वच्छ करून, ती थंड असताना, त्याच जातीच्या काडतुसांनी पुन्हा चाचणी घेतात. समूह तरीही पसरलेला राहिला, तर वेगमापकाने वेग तपासतात आणि बोअरस्कोप या बारीक दुर्बिणीतून घशातले तडे पाहतात. सैन्यात त्यासाठी मापसळई असते. ती खुणेपलीकडे आत गेली की नळी बाद होते.

मुलामा नसलेल्या नळीला काही वेळा दुसरे आयुष्य देता येते. कुशल कारागीर नळीचा मागचा झिजलेला भाग कापून कक्ष नव्याने कोरतो. क्रोमचा मुलामा असलेल्या नळीला हा उपाय सहसा लागू पडत नाही. ती बदलावीच लागते. म्हणूनच जाणकार नोंदवहीत गोळ्यांच्या संख्येशेजारी थंड नळीच्या समूहाचे माप आणि गोळीचा वेगही लिहितात. नळी केव्हा बदलायची, हे या तीन आकड्यांवरून मिळून ठरते.