‘रेट वाढले होते, साहेब’चे लेखी उत्तर

‘‘रेट वाढले होते, साहेब. नव्या मशीनवर फिल्मही जरा जास्त वाया गेली.’’ लेखापरीक्षकाने खर्चवाढीचे कारण विचारले की लेखा विभागातील लिपिक असेच काहीतरी सांगतो. त्याचे म्हणणे बहुधा खरे असते. तथापि, ते लेखी उत्तरात उतरवताना चुका होतात.

उदाहरणादाखल पाकिटबंद खाद्यपदार्थांचा एक कारखाना घेऊ. 4 लाख पाकिटांसाठी 120 रुपये दराने 10 हजार किलो फिल्म, म्हणजे 12 लाखांचा खर्च अंदाजपत्रकात धरला होता. प्रत्यक्षात 10,500 किलो फिल्म लागली व खर्च 13 लाख 86 हजारांवर गेला. 1 लाख 86 हजारांची ही तफावत लेखापरीक्षकाने विचारली.

प्रथम तफावतीची फोड करावी लागते. उत्पादनच 4 लाख 10 हजार पाकिटांचे झाले होते, त्यामुळे 250 किलो जादा फिल्म रास्तच ठरते. तिचे 30 हजार रुपये वाया गेले असे म्हणता येत नाही. ही बाब लिपिकाच्या बोलण्यात आलीच नव्हती. उरलेल्या 250 किलोंचे 30 हजार हा खरा जादा वापर, तर 1 लाख 26 हजार दरवाढीचे.

दरवाढीतही दोन गोष्टी मिसळल्या होत्या. बिले पाहता 6 हजार किलो फिल्म नेहमीच्या पुरवठादाराकडून 126 रुपयांनी आली होती. उरलेली 4,500 किलो तातडीने दुसरीकडून 140 रुपयांनी घेतली होती. विचारल्यावर लिपिक म्हणतो, ‘‘साहेबांनी फोनवरच घ्यायला सांगितले.’’ हेच वाक्य उत्तरात ‘सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेने’ असे सजते आणि खोटे ठरते. ‘खरेदी तोंडी सूचनेवरून झाली, कार्योत्तर मंजुरीचा प्रस्ताव सादर केला आहे’ असे लिहिणे अवघड खरे, परंतु टिकते. अर्थात, प्रस्ताव खरोखर सादर झालेला असला पाहिजे.

‘जरा जास्त’ या शब्दांचेही वजन करावे लागते. भंगार नोंदवहीत नव्या मशीनच्या चाचणीतील 180 किलो फिल्म नोंदली आहे. उरलेल्या 70 किलोंची नोंद नाही. येथे ‘प्रक्रियेतील अपरिहार्य घट’ असे लिहिण्याचा मोह होतो. मुरलेला लेखापरीक्षक लगेच नोंदवही मागवतो, आणि मग संशयाची सुई त्याच लिपिकाकडे वळते. त्यापेक्षा उत्तर असे असावे : ‘250 किलो जादा वापरापैकी 180 किलो चाचणीत वाया गेले, भंगार नोंदवहीचा उतारा सोबत जोडला आहे. उर्वरित 70 किलोंची (8,400 रुपये) नोंद आढळली नाही. भांडारातील साठ्याशी पडताळणी सुरू आहे.’

या उत्तरावर सही मात्र विभागप्रमुखाची हवी. तोंडी सूचना देणारा अधिकारी बाजूला राहून लिपिकाच्या सहीने उत्तर जाण्याचा प्रघात अनेक कार्यालयांत आहे.