एकाच पायाची सूज: कर्करोग, केमो आणि रक्ताची गुठळी

मागच्या आठवड्यात आपण कापलेल्या बोटावरचं रक्त कसं थांबतं ते पाहिलं. आजचा प्रश्न उलटा आहे. कुठेही कापलेलं नसताना शिरेच्या आत रक्त का गोठतं, आणि कर्करोगाच्या रुग्णांत ते इतक्यांदा का घडतं?

समजा, शिरवळच्या एक काकू आहेत. वय ५८, जठराचा कर्करोग. दर तीन आठवड्यांनी केमोसाठी पुण्याला जातात. दुसऱ्या केमोनंतर आठ-दहा दिवसांनी त्यांची डावी पोटरी सुजते, ठणकते. घरचे म्हणतात, सलाईन फार चढवलं म्हणून सूज आली असेल, नाहीतर एसटीत पाय लोंबकळत राहिले म्हणून. पण सलाईनचं पाणी साचलं तर बहुधा दोन्ही पाय सुजतात. एकच पाय सुजला की संशय शिरेतल्या गुठळीवर जायला हवा. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाताला लागणारा उंचवटा असतो. तिथून १० सेंटीमीटर खाली शिवणकामाच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजाव्यात. सुजलेली पोटरी ३ सेंटीमीटरहून अधिक जाड भरली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. फरक कमी भरला म्हणून गुठळी नाही असं मात्र धरू नये.

तपासणी डॉप्लर सोनोग्राफीची. डॉक्टर यंत्राने शीर वरून दाबतात. निरोगी शीर चेपते, गुठळी असलेली चेपत नाही. डी-डायमर ही रक्ततपासणी इथे फारशी कामाची नाही, कारण कर्करोगात ते प्रमाण गुठळी नसतानाही वाढलेलं असतं.

आता कारणाकडे येऊ. रक्त गोठवण्याची सुरुवात करणारं ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचं प्रथिन एरवी रक्तवाहिनीच्या बाहेरच्या पेशींवर असतं. जखम झाली तरच रक्ताची त्याच्याशी गाठ पडते. अनेक कर्करोगांच्या पेशी मात्र हे प्रथिन भरपूर बनवतात आणि आपल्या आवरणाचे सूक्ष्म तुकडे रक्तात सोडत राहतात. त्या तुकड्यांवरही ते असतं. त्यामुळे जखम नसतानाच थ्रॉम्बिन तयार होतं आणि फायब्रिनचे धागे विणले जाऊ लागतात. यात कर्करोगाचा फायदाही आहे. रक्तात शिरलेल्या त्याच्या पेशींभोवती प्लेटलेट्स आणि फायब्रिनचं कवच तयार झालं की प्रतिकारशक्तीला त्या सहज सापडत नाहीत. जठर आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात हा धोका विशेष मोठा असतो. पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये कर्करोग आणि गुठळीचं नातं व्याख्यानातून मांडलं. १८६७ मध्ये त्यांनाच गुठळी झाली, तिचा अर्थ त्यांनी लगेच ओळखला आणि त्याच वर्षी ते कर्करोगाने गेले.

केमो या आगीत तेल ओतते. जठराच्या कर्करोगात वापरलं जाणारं सिस्प्लॅटिन रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतं, आणि ते अस्तरच तर रक्त वाहतं ठेवत असतं. त्यात उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होतं आणि माणूस दिवसचे दिवस अंथरुणाला खिळतो. केमोसाठी मोठ्या शिरेत नळी बसवली असेल तर तिच्याभोवती हातात किंवा मानेतही गुठळी होऊ शकते.

हा धोका केमो सुरू होण्यापूर्वी काही अंशी जोखता येतो. त्यासाठी २००८ पासून खोराना गुणांकन वापरात आहे. आपल्या काकूंचे पहिल्या केमोआधीचे रिपोर्ट पाहू. जठराच्या कर्करोगाचे २ गुण. प्लेटलेट्स ४,२०,०००, म्हणजे ३,५०,००० च्या वर, म्हणून १ गुण. हिमोग्लोबिन ९.२, म्हणजे १० च्या खाली, म्हणून आणखी १. एकूण ४; ३ किंवा अधिक म्हणजे धोका मोठा. यातले प्लेटलेट्स आणि हिमोग्लोबिनचे आकडे साध्या सीबीसीच्या कागदावर लिहिलेले असतात, आणि म्हणूनच तो कागद फाइलमध्ये नुसता पडून राहतो तेव्हा मला हळहळ वाटते.

मग सगळ्यांनाच रक्त पातळ करणारं औषध का देत नाहीत? कारण जठरातला कर्करोग स्वतःही रक्तस्राव करतो. रिव्हारोक्साबॅनसारख्या गोळ्यांनी तो वाढू शकतो. त्यामुळे कर्करोग जठरातून काढलेला नसेल तर डॉक्टर बऱ्याचदा पोटाच्या त्वचेखाली देण्याचं हेपारिनच्या जातीचं इंजेक्शन पसंत करतात. गुठळी झाली असेल तर उपचार किमान तीन ते सहा महिने, आणि कर्करोग किंवा केमो चालू असेपर्यंत बहुधा पुढेही चालतो. पण केमोने प्लेटलेट्सही उतरतात. त्या ५०,००० च्या खाली गेल्या की डोस कमी करायचा की थांबवायचा, हे डॉक्टरांना ठरवावं लागतं. म्हणून इंजेक्शन चालू असताना सीबीसी चुकवू नये, आणि शौच काळी झाली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

काकूंना अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा भोवळ आली, तर पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली असण्याची शक्यता असते. तेव्हा पोटरी मोजत बसायचं नाही. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची आणि केमोची फाइल बरोबर घ्यायची.