गळकी भिंत, डिपॉझिट आणि हिंदीतला एक मेसेज

समजा, सोलापूरची एक मुलगी नोकरीसाठी लखनौला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. भाडं महिना १२,००० रुपये, डिपॉझिट २४,०००. बेडरूम आणि बाथरूमच्या मधल्या भिंतीला ओल आली आहे, रंगाचे पोपडे सुटताहेत. घरमालक वयस्कर, फक्त हिंदी वाचणारे. फोनवर दोनदा "करवा देते हैं" म्हणाले, पण प्लंबर आला नाही. आणि दोन महिन्यांनी तिला घर सोडायचं आहे.

आता तिनं लेखी कळवलं नाही, तर चावी परत देताना हीच भिंत दाखवून डिपॉझिटमधून पैसे कापले जाऊ शकतात. भिंत कधी आणि कशामुळे खराब झाली, हे तेव्हा तिला सिद्ध करता येणार नाही. म्हणून गळती आणि डिपॉझिट या दोन्ही गोष्टी एकाच मेसेजमध्ये, आणि आत्ताच लिहायला हव्यात.

लिहिण्याआधी पाणी कुठून येतं याचा अंदाज घ्यावा. ओलीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारून शेजारी तारीख टाकावी आणि फोटो काढावा. मग दोन दिवस ते बाथरूम वापरू नये, पण पाण्याचा कॉक चालू ठेवावा. भिंत सुकायला लागली, तर दोष बहुधा सांडपाण्याच्या पाइपचा किंवा टाइल्सच्या सांध्यांचा. ओल तशीच राहिली किंवा रेघेबाहेर गेली, तर भिंतीतला पाण्याचा पाइप झिरपत असण्याची शक्यता जास्त, कारण त्यात पाणी सतत दाबाखाली असतं. पावसानंतरच ओल वाढत असेल, तर गच्ची किंवा बाहेरची भिंत तपासावी लागते.

खर्च कोणाचा, हेही यावरच ठरतं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात नळ आणि त्याचा वॉशर बदलणं भाडेकरूकडे आहे, तर पाइप बदलणं आणि भिंतींना रंग देणं घरमालकाकडे. हा नमुना कायदा असल्यामुळे प्रत्यक्षात त्या त्या राज्याचा कायदा आणि आपला करार पाहावा लागतो. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यानुसार राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. तिचे २४,००० त्या मर्यादेत बसतात.

आता मेसेज. तो देवनागरीत लिहावा, म्हणजे घरमालकांना दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा लागणार नाही.

"आदरणीय अंकल जी, नमस्ते। बेडरूम और बाथरूम के बीच की दीवार में १२ जून से सीलन है। मैंने १४ और २० जून को आपको फ़ोन पर बताया था। बाथरूम दो दिन बंद रखने पर भी दीवार नहीं सूखी, इसलिए लगता है कि अंदर का पाइप रिस रहा है। प्लंबर ने ३,५०० रुपये का खर्च बताया है। फ़ोटो साथ भेज रही हूँ। कृपया ५ जुलाई तक मरम्मत करवा दीजिए। आप कहें तो मैं करवा लूँ और बिल की रकम अगले किराये में से घटा दूँ। ३१ अगस्त को मैं घर खाली करूँगी। मेरे २४,००० रुपये आपके पास सिक्योरिटी के जमा हैं। इस सीलन का खर्च उसमें से न काटा जाए और बाकी हिसाब चाबी देते समय ही हो जाए। कृपया इसका जवाब लिखकर दीजिए।"

यात आरोप नाही, धमकी नाही. तारखा, रक्कम आणि मुदत मात्र आहे. फोनवरच्या बोलण्याच्या तारखाही कागदावर आल्या. "आप कहें तो" हे शब्द महत्त्वाचे आहेत. आदर्श कायद्यानुसार घरमालकानं दुरुस्ती नाकारली तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका महिन्यात निम्म्या भाड्याहून जास्त नाही. इथे ती मर्यादा ६,००० ची आहे. तरी लेखी होकार मिळवून काम केलं, तर वादाला जागाच उरत नाही.

मुदत टळली तर हाच मजकूर स्पीड पोस्टनं पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. पुढे भाडे प्राधिकरणाकडे जायची वेळ आली, तर करार, फोटो, मेसेज आणि पावती हेच उपयोगी पडतं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी दुरुस्ती आणि डिपॉझिटची कलमं आपल्या करारात आधी वाचून घ्यावीत.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नये. डिपॉझिट परत मिळणार नाही या भीतीनं शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं अडवून ठेवू नका. तसं केलंत तर थकबाकीदार तुम्ही ठरता, आणि गळतीची तुमची खरी तक्रार मागे पडते.