पाच टेबलं आणि तेवीस मुलं

वर्गात २३ मुलं आहेत, हजेरीक्रमांक १ ते २३. प्रात्यक्षिकाला पाच टेबलं मांडली आहेत. सर सांगतात, ‘आपल्या क्रमांकाला पाचाने भागा. ज्यांची बाकी सारखी, त्यांनी एका टेबलावर बसा.’ १, ६, ११, १६, २१ एकीकडे जातात. २, ७, १२, १७, २२ दुसरीकडे. बाकी तीनवाले पाच, बाकी चारवाले चार आणि बाकी शून्यवालेही चार. एकूण २३. कुणी उभं राहत नाही, कुणी दोन टेबलांवर बसत नाही. यालाच संचाचं विभाजन म्हणतात.

आता सरांनी सूचना थोडी बदलली असती तर? ‘ज्यांच्या क्रमांकांत जास्तीत जास्त पाचाचा फरक, त्यांनी एकत्र बसा.’ १ आणि ६ एकत्र, ६ आणि ११ एकत्र. पण १ आणि ११ यांच्यात दहाचा फरक. मग सहा क्रमांकाने बसायचं कुणाबरोबर? पंगतीतला शेजारही असाच असतो. माझा शेजारी आणि त्याचा पलीकडचा शेजारी हे एकमेकांचे शेजारी नसतात.

संबंधातून स्वच्छ गट पडायचे तर तीन अटी लागतात. प्रत्येकाचा स्वतःशी तो संबंध हवा. अ-चा ब-शी असेल तर ब-चा अ-शी हवा. आणि अ-चा ब-शी, ब-चा क-शी असेल तर अ-चा क-शीही हवा. तिन्ही पाळणारा तो सममूल्य संबंध. ‘जास्तीत जास्त पाचाचा फरक’ पहिल्या दोन अटी सहज पाळतो. विद्यार्थी बहुधा तिथेच तपासणी थांबवतात, आणि गाडी तिसरीवर अडते.

बाकीच्या नियमात तिसरी अट का टिकते? सारखी बाकी म्हणजे वजाबाकीला पाचाने नि:शेष भाग जाणं. अ−ब आणि ब−क यांना पाचाने भाग जातो, तर त्यांची बेरीज अ−क, तिलाही जातोच. म्हणून दोन गट अर्धवट मिसळू शकत नाहीत: एक जरी मुलगा दोन्हींत सापडला, तर त्याच्यामार्फत सगळेच एकमेकांशी जोडले जातात आणि ते दोन गट एकच ठरतात.

उलटंही खरं. टेबलं आधी कशीही वाटून टाका. ‘एकाच टेबलावर असणं’ हा संबंध तिन्ही अटी आपोआप पाळतो.

गाउसने १८०१ मध्ये या सारख्या बाकीसाठी तीन आडव्या रेघांचं चिन्ह वापरलं. संगणकावर मात्र एक खोड निघते. −३ आणि २ यांच्यात पाचाचा फरक आहे, म्हणून दोन्ही एकाच गटातले. पण सी भाषेत `-3 % 5` विचारलं तर उत्तर −३ येतं, पायथनमध्ये २. सीचं उत्तर तसंच टेबलक्रमांक म्हणून वापरलं, तर पाचांऐवजी नऊ टेबलं लागू शकतात. तिथे `((a % 5) + 5) % 5` असं लिहिलं की −३ परत दोनच्या टेबलावर येतो.