गोळी सुरू केली आणि विसरायला लागलो

‘कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासून नावं आठवत नाहीत’ ही तक्रार मनाने रचलेली नसते. अशाच तक्रारींवरून 2012 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी, म्हणजे एफडीएने, स्टॅटिनच्या माहितीपत्रकात विस्मरणाचा उल्लेख घालायला लावला. हा त्रास बहुधा सौम्य होता आणि गोळी थांबवल्यावर जात होता. पण त्याला कारण गोळीच का?

2015 मध्ये ब्रिटनमधल्या लाखो रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. स्टॅटिन सुरू केल्यानंतर पहिल्या तीस दिवसांत विस्मरणाची नोंद, अशी कुठलीच गोळी न घेणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघाली. इथेच थांबलं असतं तर खळबळजनक बातमी झाली असती. संशोधकांनी मात्र आणखी एक गट तपासला: कोलेस्टेरॉलसाठीच, पण स्टॅटिन नसलेली औषधं घेणाऱ्यांचा. त्यांच्यातही प्रमाण जवळपास तितकंच होतं. शरीरात निरनिराळ्या तऱ्हेने काम करणारी औषधं एकाच महिन्यात स्मृती बिघडवतील, हे पटण्याजोगं नाही. नवी गोळी सुरू झाली की माणूस स्वतःकडे बारकाईने बघतो, डॉक्टरकडेही जातो आणि एरवी दुर्लक्षित राहिलेला विसर कागदावर येतो, हे अधिक संभवतं. ब्रिटनच्याच एका मोठ्या चाचणीत वीस हजारांवर लोकांना पाच वर्षं सिम्वास्टॅटिन किंवा तशीच दिसणारी नकली गोळी दिली होती. कोण काय घेतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी फोनवरून स्मृती तपासली, तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

कॅन्सरच्या भीतीलाही एक उगम आहे. 2002 मध्ये सत्तरी ओलांडलेल्यांवरच्या ‘प्रॉस्पर’ चाचणीत स्टॅटिन गटात कॅन्सरचे 245 नवे रुग्ण निघाले, नकली गोळीच्या गटात 199. आकडे खरेच होते, पण एका चाचणीत अनेक आजार मोजले की एखादा योगायोगाने एका बाजूला झुकतो. पुढे 27 चाचण्यांतल्या सुमारे पावणेदोन लाख लोकांची माहिती एकत्र केल्यावर दोन्हीकडे कॅन्सरचं प्रमाण सारखंच आलं. चाचण्या साधारण पाच वर्षांच्याच, हा आक्षेप रास्त आहे. मात्र स्कॉटलंडमधल्या एका चाचणीतल्या लोकांचा वीस वर्षं मागोवा घेतला, तेव्हाही वाढ दिसली नाही.

यकृताचं थोडं वेगळं आहे. तिथे गोळी खरोखर काहीतरी करते: काहींचं एसजीपीटी वाढतं, विशेषतः मोठ्या मात्रेत. समजा, प्रयोगशाळेची वरची मर्यादा 40 आहे आणि तुमचा आकडा 58 आला. रिपोर्टमध्ये तो ठळक छापून येतो आणि घरात घबराट होते. पण डॉक्टर सहसा तिप्पट, म्हणजे 120 ओलांडल्यावर, तेही पुन्हा तपासून, मात्रा कमी करण्याचा किंवा गोळी थांबवण्याचा विचार करतात. नुसतं फॅटी लिव्हर हे गोळी टाळण्याचं कारण नाही, उलट अशा रुग्णांना हृदयविकाराचाच धोका अधिक असतो. यकृत खरोखर निकामी होत असेल तर गोष्ट निराळी. गोळीमुळे यकृताला गंभीर इजा होणं अतिशय दुर्मीळ आहे, पण डोळे पिवळे, लघवी गडद आणि अन्नावरची वासना गेलेली असेल तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टर गाठावा.