दृक्-संवादातील तुटक ध्वनी आणि रूटरमधील रांग

बोलीभाषेच्या अभ्यासकास प्रत्यक्ष क्षेत्रात जाणे शक्य नसते तेव्हा तो आता व्हिडिओ कॉलवरून माहिती मिळवितो. डहाणू व तलासरी या तालुक्यांतील वारली बोलीच्या कामात ही पद्धती आमच्याकडेही रूढ झाली आहे. तीत एक दोष वारंवार आढळतो. निवेदिकेचा आवाज तुटक येतो, चित्र थबकते, आणि प्रश्न व उत्तर यांमध्ये एक विचित्र शांतता पसरते. ‘तिकडे रेंज नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे निदान पुष्कळदा चुकीचे असते, आणि त्याचा उपद्रव केवळ गैरसोयीपुरता राहत नाही.

दहा भाषांमधील प्रश्नोत्तरांचा जो तौलनिक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंद आढळले. उत्तर वाटेतच एक सेकंद अडकून पडले, तर विचारणारास निवेदिका घुटमळत आहे असे वाटते व तो प्रश्न पुन्हा विचारतो. तो दुसरा प्रश्न निवेदिकेच्या कानी पडतो तेव्हा ती बोलतच असते. आपली बोली यांस कळली नाही अशी तिची समजूत होते, आणि ती प्रमाण मराठी रूपाकडे वळते. ज्या रूपासाठी हा खटाटोप, तेच अशा वेळी हातचे जाते.

तलासरी तालुक्यातील एका घरी आलेला अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथील जोडणीचा वेग बाहेरून आत येण्यास १० मेगाबिट व आतून बाहेर जाण्यास २ मेगाबिट प्रतिसेकंद होता. वेग मोजून पाहिला असता तो पुरेपूर भरे. त्यामुळे जोडणी निर्दोष ठरत असे. संवाद मात्र रोज ठराविक वेळीच बिघडे. त्या वेळी त्याच घरातील संगणक आदल्या दिवसाचे ध्वनिमुद्रण विभागाकडे पाठवीत असे. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट व दोन वाहिन्या असे एक तासाचे मुद्रण सुमारे १०४ कोटी बाइटांचे होते. २ मेगाबिटच्या वाटेने ते जाण्यास किमान ६९ मिनिटे लागतात.

परीक्षेची रीत सोपी आहे. एका खिडकीत घरातील रूटरला व दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करावे. प्रथम सर्व व्यवहार थांबवून व नंतर मोठी फाइल पाठविणे चालू असताना.

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 1.1.1.1
```

शांत वेळी बाहेरचा पिंग ४२ मिलिसेकंद आला. फाइल जाऊ लागताच तो १,०९० पर्यंत चढला. रूटरचा पिंग दोन्ही वेळा २-३ मिलिसेकंदच राहिला. रूटरचाच पिंग हेलकावे खाऊ लागला असता, तर दोष वायफायचा म्हणावा लागला असता. काहीही पाठविले जात नसताना पॅकेटे हरवत असती, तर तो तारेचा वा मनोऱ्याचा दोष ठरला असता. येथे दोन्ही नव्हते. वाढलेले १,०४८ मिलिसेकंद म्हणजे २ मेगाबिटच्या वेगाने २५६ किलोबाइट बाहेर पडण्यास लागणारा काळ होय. मॉडेममध्ये तेवढ्या मापाचा बफर काठोकाठ भरून राहत होता, असे यावरून अनुमान निघते.

यालाच बफरब्लोट म्हणतात. अमेरिकन संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांस २०१० साली घरून जुनी कागदपत्रे दूरच्या संगणकावर पाठविताना याचा प्रत्यय आला, आणि हे नावही त्यांच्याच लेखनातून रूढ झाले. कारण थोडक्यात असे की, फाइल पाठविणारा संगणक सामान्यतः पॅकेट गळाले की मगच आपला वेग आवरतो. स्मरणसाठा स्वस्त झाल्यामुळे उत्पादकांनी मॉडेमांत मोठे बफर घातले. तेथे पॅकेट लवकर गळत नाही, म्हणून पाठविणारा वेग आवरीत नाही, आणि रांग भरलेलीच राहते. आवाजाचे इवलेसे पॅकेट त्या रांगेच्या शेपटाशी उभे राहते. फार उशिरा पोहोचलेले पॅकेट ऐकणाऱ्याकडील यंत्रणा टाकून देते. तिच्या लेखी उशीर म्हणजे गळतीच. तुटकपणाचा उगम हा आहे. रांग पाठविणाऱ्याच्या दारी असते, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घ्यावी. निवेदिकेचा आवाज तुटत असता विभागातील जोडणी बदलून काडीचाही लाभ होत नाही.

उपाय असा की, अडथळ्याची जागा मॉडेममधून काढून आपल्या ताब्यातील रूटरमध्ये आणावयाची. रूटरने वाटेच्या वेगाहून किंचित कमी वेगाने पाठविले, तर मॉडेममध्ये रांग साचत नाही. ती रूटरमध्ये साचते, आणि तेथे तिला शिस्त लावता येते. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली मांडलेल्या कोडेल या पद्धतीचे मर्म हे की, रांगेची लांबी न मोजता पॅकेट रांगेत किती काळ थांबले ते मोजावे. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत हा काळ एकदाही ५ मिलिसेकंदांखाली आला नाही, तर पॅकेट टाकून पाठविणाऱ्यास सूचना द्यावयाची. क्षणिक गर्दीला ती शिक्षा करीत नाही. साचून राहिलेल्या गर्दीलाच करते. केक या पुढील पद्धतीत याच्या जोडीला प्रत्येक प्रवाहास स्वतंत्र रांग मिळते. त्यामुळे फाइलीची पॅकेटे आवाजाच्या पुढे उभी राहू शकत नाहीत.

ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली असलेल्या रूटरवर `luci-app-sqm` हे पॅकेज बसवून पुढील आज्ञा दिल्या. वेग किलोबिटांत आहेत, मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के. `eth1` च्या जागी आपल्या रूटरवरील बाहेरच्या जोडणीचे नाव घालावे.

```
uci set sqm.@queue[0].interface='eth1'
uci set sqm.@queue[0].download='9000'
uci set sqm.@queue[0].upload='1800'
uci set sqm.@queue[0].qdisc='cake'
uci set sqm.@queue[0].script='piece_of_cake.qos'
uci set sqm.@queue[0].enabled='1'
uci commit sqm
/etc/init.d/sqm enable
/etc/init.d/sqm restart
```

यानंतर तीच परीक्षा पुन्हा केली. फाइल जात असतानाही पिंग ६० च्या आसपास राहिला. १.८ मेगाबिटला १,५०० बाइटांचे एक पूर्ण पॅकेट निघून जाण्यासच सुमारे ६.७ मिलिसेकंद लागतात. तेव्हा ५ मिलिसेकंदांची मर्यादा अशा मंद वाटेवर पाळणे अशक्य आहे, व केक ती आपणहून वाढवून घेते. ध्वनिमुद्रण जाण्यास ६९ ऐवजी ७७ मिनिटे लागू लागली. आठ मिनिटांचा हा व्यय मला तरी अगदी क्षुल्लक वाटतो.

पिंग उतरला नाही तर दोन गोष्टी पाहाव्या. रूटरमध्ये ‘हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग’ चालू असेल तर पॅकेटे या रांगेस वळसा घालून जातात. ते बंद करावे. दुसरे, दिलेला वेग प्रत्यक्ष वेगाहून अधिक असेल तर रांग पुन्हा मॉडेममध्येच साचते. म्हणून आकडा आणखी उतरवून पाहावा, आणि पिंग स्थिरावल्यावर हळूहळू वर न्यावा.

पाड्यांवरील मोबाइल जोडणीस मात्र ही व्यवस्था जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथे वेग दिवसातून अनेकदा बदलतो, आणि एकच ठरविलेला आकडा कधी फार मोठा, कधी फार लहान ठरतो. संध्याकाळच्या गर्दीतील किमान वेग मोजून त्याखालचा आकडा द्यावा. दुपारचा काही वेग त्यात वाया जाईल हे गृहीत धरावे. रूटर बदलणे शक्य नसेल तेथे पाठविणाऱ्या कार्यक्रमातच वेगाची मर्यादा घालावी, अथवा ध्वनिमुद्रणे रात्री पाठवावी. आणि मुलाखतीतील विरामांचे मापन करावयाचे असेल, तर ते कॉलच्या मुद्रणावरून कधीही करू नये; निवेदिकेजवळ ठेवलेल्या यंत्रावरील मुद्रणावरूनच करावे, व प्रश्न तेथे केव्हा ऐकू आला हेही त्याच मुद्रणात पाहावे.